घरच्या कास्टिंगचा भाव

उदाहरणासाठी कोल्हापूरची एक कंपनी धरू. तिची फाउंड्री शिरोलीच्या एमआयडीसीत आहे आणि पंपांचा कारखाना गोकुळ शिरगावच्या. मालक एक, ताळेबंद एक, पण दोन्ही विभागांचे प्रमुख वेगळे, आणि आपापल्या विभागाचा नफा किती दिसतो यावर दोघांचंही वर्षअखेरीचं मूल्यमापन ठरतं. पंप विभागाला महिन्याला २,००० केसिंग लागतात. केसिंग म्हणजे पंपाचं बिडाचं कवच, ज्याच्या आत इम्पेलर फिरतो. एका नगाचं वजन २० किलो. ते घरची फाउंड्रीही ओतून देऊ शकते आणि बाहेरची एखादी फाउंड्रीही. मग घरच्या फाउंड्रीने ते घरच्याच पंप विभागाला किती रुपयांना द्यायचं?

कंपनीचाच पैसा कंपनीतच फिरतोय, मग भाव काहीही लावला तरी काय फरक पडतो, असं पहिल्यांदा वाटतं. भाव कागदावरच राहिला असता तर खरंच फरक पडला नसता. पण तो भाव बघूनच पंप विभागाचा प्रमुख माल घरून घ्यायचा की बाहेरून, हे ठरवतो. त्याने चुकीचं ठरवलं तर कंपनीच्या खिशातून खरे पैसे जातात. हिशेबाच्या भाषेत या अंतर्गत भावाला ट्रान्सफर प्राइस किंवा हस्तांतरण किंमत म्हणतात. तो किती असावा, हे एकाच गोष्टीवर अवलंबून असतं: आज फाउंड्रीकडे जागा रिकामी आहे, की ती ऑर्डरींनी भरलेली आहे?

एका नगाचा हिशेब

भाव ठरवण्याआधी खर्च दोन ढिगांत वाटावा लागतो. पहिल्या ढिगात एक नग जास्त ओतला तर वाढणारा आणि नाही ओतला तर वाचणारा खर्च येतो. आपल्या केसिंगला स्क्रॅप, पिग आयर्न आणि मिश्रधातू मिळून १,००० रुपये लागतात. भट्टीच्या विजेचे १८०, वाळू, रेझिन आणि कोअरचे २००, तर फेटलिंग म्हणजे कास्टिंग घासून साफ करण्याची नगावरची मजुरी आणि किरकोळ सामान मिळून १२०. एकूण १,५०० रुपये. हा बदलता खर्च.

दुसऱ्या ढिगात शेड, भट्टीचा घसारा, कायम कामगारांचे पगार, सुपरवायझर, बँकेचं व्याज अशा गोष्टी आहेत. महिन्याला ४० लाख रुपये. फाउंड्रीची क्षमता महिन्याला १०,००० नगांची आहे. तेवढे नग ओतले काय किंवा निम्मे ओतले काय, हे ४० लाख जायचेच. हा स्थिर खर्च.

ही वाटणी करताना विजेचं बिल मुद्दाम जवळून बघावं. फाउंड्रीसारख्या उच्चदाब ग्राहकाच्या बिलात मागणी आकार वेगळा असतो आणि वापरलेल्या युनिटचा आकार वेगळा. मागणी आकार केव्हीएवर लागतो. भट्टीसाठी जेवढी मागणी मंजूर करून घेतली असेल, तिच्याशी तो बांधलेला असतो, आणि उत्पादन घटलं म्हणून तो त्या प्रमाणात खाली येत नाही. नग वाढला की वाढतो तो युनिटचा आकार. कित्येक ठिकाणी अख्खं बिल टनांनी भागून वीज नगावर टाकली जाते. मग बदलता खर्च आहे त्यापेक्षा फुगलेला दिसतो आणि पुढचा सगळा हिशेब वाकडा जातो. आपण वर धरलेले १८० रुपये फक्त युनिटचे आहेत.

बाहेरची बाजूही बघू. फाउंड्री एका ट्रॅक्टर कंपनीला याच वजनाचं कास्टिंग २,२०० रुपयांना विकते. त्याचा बदलता खर्चही १,५०० आहे, शिवाय पॅकिंग आणि भाडं मिळून १०० रुपये जातात. म्हणजे बाहेरच्या प्रत्येक नगामागे स्थिर खर्च भागवायला आणि नफ्याला ६०० रुपये उरतात. व्यवसायात याला कॉन्ट्रिब्यूशन म्हणतात. हा ६०० चा आकडा पुढे वारंवार लागणार आहे.

भट्टी रिकामी असताना

समजा मंदी आहे. ट्रॅक्टरच्या ऑर्डरी ७,००० नगांवर आल्या आहेत आणि ३,००० नगांची जागा रिकामी आहे. पंप विभाग २,००० केसिंग मागतो. फाउंड्रीचे प्रमुख पूर्ण खर्च काढतात: बदलता १,५००, आणि ४० लाख भागिले ९,००० म्हणजे सुमारे ४४५. मिळून १,९४५ रुपये. पंप विभागाच्या हातात बाहेरच्या फाउंड्रीचं कोटेशन आहे, पोचवून १,८५० रुपयांचं. मंदी तिलाही आहे, त्यामुळे तीही भाव पाडून बसली आहे.

"बाहेरचा जवळजवळ शंभर रुपये स्वस्त देतोय, मग घरून महाग का घेऊ?" असं पंपाचे प्रमुख म्हणतात. "तोट्यात माल द्यायला मी बसलोय का?" असं फाउंड्रीचे प्रमुख म्हणतात. आपापल्या खुर्चीवरून दोघांचंही बरोबर आहे. ऑर्डर बाहेर जाते.

आता मालकाच्या खुर्चीवरून बघा. बाहेरच्या फाउंड्रीला प्रत्येक नगामागे १,८५० रुपये रोख गेले. तोच नग घरी ओतला असता तर १,५०० गेले असते. स्थिर खर्च दोन्ही वेळा तेवढाच, म्हणून तो या तुलनेत येतच नाही. नगामागे ३५० रुपये, २,००० नगांचे महिन्याला ७ लाख रुपये कंपनीबाहेर गेले, आणि तेही भट्टी मोकळी असताना.

म्हणून जागा रिकामी असताना फाउंड्रीचा किमान भाव बदलत्या खर्चाइतका, म्हणजे १,५०० रुपये. त्याच्या खाली गेलं तर फाउंड्रीच्या पदरचे पैसे जातात. कमाल भाव पंप विभागाला बाहेर मिळतो तेवढा, म्हणजे १,८५०. त्याच्या वर गेलं तर तो घरून घेणार नाही. १,५०० ते १,८५० च्या मधला कुठलाही भाव चालतो, कारण माल घरीच राहतो आणि कंपनीचे ७ लाख वाचतात. १,६०० ठरला तर त्या ७ लाखांतला मोठा वाटा पंप विभागाच्या खात्यात दिसेल, १,८०० ठरला तर फाउंड्रीच्या. दोन्ही विभागांनी घासाघीस करावी ती एवढ्यापुरतीच.

पूर्ण खर्चाच्या पद्धतीत एक मोठा धोका दडलेला आहे. पंप विभागाने पाठ फिरवली की फाउंड्रीचे नग ७,००० वरच राहतात. मग ४० लाख भागिले ७,००० म्हणजे नगामागे सुमारे ५७० रुपये, आणि पूर्ण खर्च होतो २,०७०. काम जितकं कमी, तितका कागदावरचा भाव चढा. म्हणजे ज्या वेळी भाव उतरायला हवा, नेमका त्याच वेळी ही पद्धत तो चढवते आणि उरलेलं घरचं गिऱ्हाईकही घालवते. मंदीत एखाद्या कंपनीची फाउंड्री थंड पडलेली आणि तिच्याच दुसऱ्या विभागाच्या दारात बाहेरचा ट्रक कास्टिंग उतरवतोय, असं दिसलं तर आधी अंतर्गत भावाचं सूत्र तपासावं.

भट्टी भरलेली असताना

वर्षभराने बाजार उठतो. ट्रॅक्टर कंपनी १०,००० नग मागते आणि फाउंड्रीला दम घ्यायला वेळ नाही. पंप विभागाला केसिंग हवीच आहेत. आता प्रत्येक केसिंगसाठी ट्रॅक्टरचं एक कास्टिंग सोडावं लागणार. केसिंग ओतायला १,५०० रुपये लागतातच, वर ट्रॅक्टरच्या नगातून उरणारे ६०० बुडतात. म्हणून किमान भाव २,१०० रुपये.

हे बुडालेले ६०० कुठल्याही बिलात येत नाहीत. त्यांचं व्हाउचर नसतं, खतावणीत नोंद नसते, कारण जो व्यवहार झालाच नाही त्याची नोंद कोण करणार? तरी तो खरा खर्च आहे. अर्थशास्त्रात याला संधी खर्च म्हणतात: एक गोष्ट करताना जी दुसरी सोडावी लागली, तिच्यातून मिळालं असतं ते. ट्रान्सफर प्राइसचं सगळं सूत्र एका ओळीत मावतं. बदलता खर्च अधिक संधी खर्च, म्हणजे विकणाऱ्याचा किमान भाव. जागा रिकामी असली की संधी खर्च शून्य, भरलेली असली की ६००.

तेजीत पंप विभागाला बाहेरचं कोटेशन २,००० रुपयांचं मिळालं असं धरू. फाउंड्रीचा किमान भाव २,१०० आणि पंपाचा कमाल भाव २,०००. दोघांना मान्य होईल असा भावच उरत नाही. असा सौदा घरात होऊच नये, हेच त्यातून कळतं. पंप विभागाने केसिंग बाहेरून घ्यावीत आणि घरच्या फाउंड्रीने ट्रॅक्टरची कास्टिंगं ओतत राहावं.

इथेच हेड ऑफिस पुष्कळदा घोळ घालतं. "घरचा माल असताना बाहेर कशाला जाता?" असं म्हणून फाउंड्रीला हुकूम सुटतो, पंपाला १,७०० ने द्या. पंप विभाग खूश होतो, कारण त्याचे नगामागे ३०० वाचले. कंपनीचं काय झालं? बाहेरच्या फाउंड्रीचे २,००० वाचले आणि घरी ओतायला १,५०० गेले, म्हणजे ५०० चा फायदा. पण ट्रॅक्टरच्या नगातले ६०० बुडाले. नगामागे १०० रुपयांचा निव्वळ तोटा, महिन्याला २ लाखांचा. शिवाय ट्रॅक्टर कंपनीला माल वेळेवर मिळाला नाही, तर पुढच्या वर्षी ती ऑर्डर दुसरीकडे देईल ते वेगळंच. पंप विभागाच्या नफ्याचा आकडा मात्र झकास दिसतो, म्हणून वर्षानुवर्षं कुणी चौकशीही करत नाही.

मंदीत बाहेरून घेणं चूक होतं, तेजीत घरून घेणं चूक आहे. कास्टिंग तेच, वजन तेच, दोन्ही विभाग तेच. बदललं ते फक्त ऑर्डर बुक. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला एक भाव ठरवून तो बारा महिने चालवणं जोखमीचं असतं.

अर्धवट जागा आणि सरासरीची फसवणूक

प्रत्यक्षात फाउंड्री अगदी रिकामी किंवा अगदी भरलेली असते असं नाही. समजा ट्रॅक्टरच्या ऑर्डरी ९,००० आहेत. जागा १,००० नगांची, मागणी २,००० ची. पहिल्या १,००० केसिंगचा किमान भाव १,५००, पुढच्या १,००० चा २,१००. सरासरी १,८००. बाहेरचं कोटेशन १,८५० आहे. सरासरी बघून वाटतं, सगळी केसिंग घरूनच घ्यावीत. नगामागे ५० रुपये, म्हणजे महिन्याला १ लाख वाचतो.

पण हिशेब तुकड्यातुकड्याने करा. पहिल्या १,००० नगांवर ३५० रुपयांप्रमाणे साडेतीन लाख वाचतात. दुसऱ्या १,००० नगांवर घरचा खरा खर्च २,१०० आणि बाहेरचा भाव १,८५०, म्हणजे अडीच लाखांचा तोटा होतो. सरासरीच्या १ लाखात तो तोटा झाकला गेला होता. बरोबर निर्णय म्हणजे १,००० घरून, १,००० बाहेरून, आणि बचत साडेतीन लाखांची.

यालाही मर्यादा आहे. दोन ठिकाणी ओतायचं तर पॅटर्नचा दुसरा संच बनवावा लागतो, दोन ठिकाणच्या मालाची तपासणी करावी लागते, आणि बाहेरची फाउंड्री कमी नगांसाठी तोच भाव देईलच असं नाही. ती म्हणाली की २,००० ची ऑर्डर असेल तरच १,८५०, तर तुकडे करायची सोयच राहत नाही. तेव्हा मात्र सरासरीचे १,८०० रुपयेच कामाचे.

जागा रिकामी म्हणजे नक्की कुठली?

आतापर्यंत आपण फाउंड्रीची क्षमता नगांमध्ये मोजली. शॉपवर ती अशी सरळ मोजता येत नाही. फाउंड्रीत भट्टी असते, मोल्डिंग लाइन असते, कोअर शॉप असतं, फेटलिंग असतं. माल अडतो तो यांतल्या एकाच ठिकाणी. पंपाचं केसिंग आतून पोकळ आणि वळणाचं असतं, त्यामुळे त्याचा कोअर किचकट. समजा केसिंगच्या कोअरला ३० मिनिटं लागतात आणि ट्रॅक्टरच्या कास्टिंगच्या कोअरला १५. कोअर शॉप दिवसरात्र चालू आहे, भट्टी मात्र रोज दोन हीट कमी घेते.

भट्टीकडे बघणारा म्हणेल, जागा रिकामी आहे, १,५०० ने द्या. पण एका केसिंगच्या कोअरमागे ट्रॅक्टरचे दोन कोअर मागे पडतात, म्हणजे दोनदा ६०० बुडतात. किमान भाव होतो २,७०० रुपये. वरच्या सगळ्या हिशेबात न आलेला हा आकडा केवळ एका अडणाऱ्या विभागामुळे आला. म्हणून कॉन्ट्रिब्यूशन नगामागे न काढता जिथे काम अडतं तिथल्या तासामागे काढावं. ट्रॅक्टरचं कास्टिंग कोअर शॉपच्या एका तासाला २,४०० रुपये मिळवून देतं. केसिंगनेही तेवढे दिले पाहिजेत, नाहीतर त्याचे कोअर बाहेरून बनवून आणावेत आणि रिकामी भट्टी वापरावी. हा तिसरा पर्याय खरा सापडतो तो असा हिशेब मांडल्यावरच.

हीच गोष्ट फाउंड्रीच्या प्रमुखाच्या शब्दाला लागू. भाव चढा ठेवायचा असेल तर "आमची फाउंड्री फुल आहे" हे वाक्य सोयीचं असतं. ते पडताळायला हीटचं रजिस्टर, कोअर शॉपसमोर पडलेलं काम आणि बाहेरच्या गिऱ्हाइकांना दिलेल्या तारखा बघाव्यात. खरोखर भरलेली फाउंड्री नव्या ऑर्डरीला लांबची तारीख देते. पुढच्या आठवड्यातच माल देतो म्हणणारी फाउंड्री भरलेली नसते. ओव्हरटाइमही बघावा. जादा तासांना कायद्याने दुप्पट मजुरी द्यावी लागते, म्हणून ओव्हरटाइमवर ओतलेल्या नगाचा बदलता खर्च १,५०० राहत नाही.

स्थिर खर्चाचं काय?

फाउंड्रीचे प्रमुख एक रास्त प्रश्न विचारतात. "मंदीत मी १,५०० ने माल देत राहिलो तर माझ्या खात्यावर काहीच उरणार नाही. उद्या हेड ऑफिस म्हणेल, फाउंड्री तोट्यात आहे, बंद करा." हा प्रश्न टाळला तर बाकी सगळं सूत्र कागदावरच राहतं, कारण प्रमुख खर्च फुगवून सांगतील किंवा जागा लपवतील.

यावर चांगला उपाय म्हणजे भावाचे दोन भाग करणं. नगाचा भाव बदलत्या खर्चाइतका ठेवायचा, आणि जागा राखून ठेवल्याबद्दल पंप विभागाने फाउंड्रीला महिन्याला ठरावीक रक्कम द्यायची. आपल्या मंदीच्या उदाहरणात घरून घेतल्याने ७ लाख वाचतात, म्हणून ही रक्कम ७ लाखांच्या आत, समजा ५ लाख ठरवता येईल. पंप विभागाला तरीही २ लाखांचा फायदा होतो, फाउंड्रीच्या स्थिर खर्चाला ५ लाखांचा हातभार लागतो, आणि पुढचा प्रत्येक नग घ्यायचा की नाही हे पंप विभाग १,५०० चा खरा भाव बघूनच ठरवतो. ट्रॅक्टरच्या ऑर्डरी वाढल्या की राखलेली जागा सोडायची का, यावर दोघांनी पुन्हा बसायचं.

या विषयाचा पाया अर्थशास्त्रज्ञ जॅक हिर्शलायफर यांनी १९५६ साली घातला. बाहेरचा बाजार नसेल तर अंतर्गत भाव सीमांत खर्चाइतका असावा आणि स्पर्धेचा खुला बाजार असेल तर बाजारभावाइतका, असं त्यांनी दाखवलं. आपली रिकामी आणि भरलेली भट्टी ही याच विचाराची शॉपवरची रूपं आहेत.

एक खबरदारी मात्र घ्यावी. इथला भाव निर्णयासाठी आहे, करासाठी नाही. दोन्ही कारखाने कोल्हापुरात, एकाच जीएसटी नोंदणीखाली असतील तर आपसांतल्या मालावर कर लागत नाही. पंपाचा कारखाना बेळगावला असता तर राज्य बदलल्याने नोंदणी वेगळी झाली असती आणि कराचं बीजक करावं लागलं असतं. आणि खरेदी करणारी परदेशातली संबंधित कंपनी असेल, तर त्रयस्थ माणसाशी व्यवहार करताना जो भाव लागला असता तोच आयकर खात्याला दाखवावा लागतो. भारतात २००१ पासून त्याचे सविस्तर नियम आहेत. ही दोन कामं एकाच आकड्यावर लादू नयेत.

महिन्याचा एक कागद

हे सगळं चालवायला मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. दर महिन्याच्या शेवटी दोन्ही प्रमुखांसमोर एक कागद हवा. त्यावर पाच गोष्टी असाव्यात: एका केसिंगचा बदलता खर्च, पुढच्या महिन्याचं बाहेरचं ऑर्डर बुक, काम कुठल्या विभागात अडतंय, तिथला एक तास बाहेरच्या मालातून किती कमावतो, आणि केसिंगचं बाहेरचं ताजं कोटेशन. पहिल्या चार गोष्टींवरून फाउंड्रीचा किमान भाव निघतो, पाचवीवरून पंपाचा कमाल. किमान कमालपेक्षा खाली असेल तर माल घरी ओतावा आणि मधला भाव दोघांनी ठरवावा. किमान वर गेला तर पंप विभागाला बाहेर जायची पूर्ण मुभा हवी आणि हेड ऑफिसने हुकूम काढू नये.

ठरलेला भाव बरोबर आहे की नाही, याची कसोटीही याच कागदावर मिळते. दोन्ही प्रमुखांनी फक्त आपापल्या विभागाचा नफा बघून निर्णय घेतला आणि तरीही कंपनीचा जास्तीत जास्त फायदा झाला, तर भाव बरोबर. कंपनीचं हित साधायला दोघांपैकी एकाला जरी स्वतःचं नुकसान सोसावं लागत असेल, तर तो माणूस चुकलेला नाही, भाव चुकलेला आहे.